इसार कोणाच्या खात्यात

संत्र्याच्या धंद्यात ज्याचा इसार, म्हणजे सौद्याचा आगाऊ पैसा, आधी पोचला, त्याला बगीच्यातला सगळा माल. वरूडकडे हा शब्द मोडायची कोणाची छाती नाही, आणि इसार आधी पोचवण्यात माझा हात कोणी धरत नाही. त्या दिवशी मी अमरावतीत होतो. तिकडून बगीचेवाल्या काकांचा फोन आला.

"अबे, दुसरा यापारी नोटा घेऊन उभा हाय. त्याले किती वेळ चहा पाजू?"

"एक कप अजून पाजा, पाठवून राहिलो."

काकांची चॅट उघडली, तिथंच पैसे पाठवायचं बटण दाबलं, रक्कम टाकली. पिन टाकणार, तेवढ्यात बोट थांबलं. चॅटवर काकांचं नाव, काकांचाच फोटो, पण खातेदार म्हणून नाव भलत्याच बाईचं! चॅटमधलं नाव आपण ठेवलेलं असतं. पैशाला त्याच्याशी काय करायचं? तो माझ्या बँकेतून निघतो आणि समोरच्यानं ॲपमध्ये जे खातं जोडलं असेल तिथं जाऊन पडतो. ॲप नुसतं निरोप्या. पिन टाकल्यावर परत ओढायची सोय नाही. इसार भलतीकडे गेला तर बगीचाही गेला नि पैसाही.

लगेच फोन लावला. "काका, ही बाई कोण?"

"अरे, माही सून! तिचं खातं काढलं तवा बँकेत माहाच नंबर देल्ला."

आमच्याकडे हे घरोघरी. सगळ्या घराला एकच नंबर. ॲपनं त्या नंबरावरची दोन्ही खाती शोधली, आणि पैसे यायला सुनेचं लागलं.

"थांब, माहं लावतो," काका म्हणाले. मागून व्यापारी ओरडला, "काका, नोटा हातात घ्या न!" मी कपाळावर हात मारला. आता हे बटणं शोधत बसणार!

तेवढ्यात फोनवर सूनबाई आली. "भाऊ, बदलवू नका. हाय तसंच पाठवा. फवारणी माही, मजूर माहे, राखण माही. अन् नोटा मामाजीच्या खिशात! खत आणाले मले त्यायच्यापुढं हात पसरा लागते. या वेळी माह्या खात्यात येऊ द्या."

मला तिचं पटलं, खोटं कशाला बोलू? तरी म्हटलं, "काका, तुमी हो म्हटल्याबिगर पिन टाकत नाई."

मग काका खाकरले. "टाक. पोरगी खोटं नाई बोलून राहिली."

टाकला. चॅटमध्ये पैसे गेल्याची खूण उमटली, आणि बँकेचा मेसेज काकांच्याच फोनवर वाजला. सूनबाईनं तो मोठ्यानं वाचून दाखवला.

फोन चालूच होता. काका त्या व्यापाऱ्याला म्हणाले, "नोटा ठेव खिशात, बाबू. बगीचा गेला. मालकिणीनं इसार घेतला."