स्टोअरची पाचवी पायरी

त्या दिवशी दुपारी दोनला तोंडी परीक्षा होती आणि पावणेबाराला आमच्या प्रकल्पाचा सर्किट बोर्ड चारशे पंधरा दाखवत होता. कागदावर चारशे पाच होते. दहाचा फरक. बाहेरच्या माणसाला वाटेल, दहाने काय होतंय? मला मात्र तो परवडणारा नव्हता. दोन विषय माझे आधीच राहिले होते, तिसरा राहिला की पुढच्या वर्षात जाता येणार नव्हतं. वर्ष वाया. घरी हे कोणालाच माहीत नव्हतं. वडील रोज सकाळी म्हैसूरच्या हेब्बाळ वसाहतीतल्या कारखान्यात जाताना मला कॉलेजच्या फाटकाशी सोडायचे आणि "नीट कर" एवढंच म्हणायचे. मी मान डोलवायचे, खोटारडीसारखी.

प्रकल्प दोघींचा होता. मी आणि माझी जोडीदारीण. ती म्हैसूरच्या जुन्या मराठी घरातली, आजोबांपर्यंत सगळे कापड रंगवणारे. आम्ही सांगलीहून आलेले, त्यामुळे माझ्या मराठीला ती हसायची आणि तिच्या मराठीला मी. वर्गात तिच्याइतकी हुशार कोणी नव्हती. परीक्षा घ्यायला बाहेरून जे साहेब येणार होते, ते हेब्बाळच्याच एका कंपनीतले. आमच्या तुकडीतल्या एकाला ते प्रशिक्षणाला घेणार होते, आणि प्रकल्प बघणाऱ्या आमच्या सरांनी तिचं नाव त्यांच्या कानावर घातलं होतं.

काम असं होतं. एक छोटा प्रोसेसर बनवायचा, पण प्रत्येक इन्स्ट्रक्शन, म्हणजे आज्ञा, एका दमात उरकायची नाही. तिचे तुकडे करायचे, आणि घड्याळाच्या एका ठोक्याला, म्हणजे एका सायकलला, एकच तुकडा. आधी इन्स्ट्रक्शन मेमरीतून आणायची, मग ती कोणती ते ओळखायचं. या दोन पायऱ्या सगळ्यांना सारख्याच. तिथून वाटा फुटतात. लोड नावाची इन्स्ट्रक्शन पत्ता काढते, मेमरी वाचते आणि वाचलेलं रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या खणात, ठेवते, म्हणून तिला एकूण पाच सायकल. स्टोअर पत्ता काढून मेमरीत लिहिते आणि सुटते, चार. बेरीज-वजाबाकीसारख्यांना चार, प्रोग्रॅममध्ये दुसरीकडे उडी मारणाऱ्या ब्रँच आणि जंपला तीन-तीन. प्रत्येक पायरीचं एक वर्तुळ, कोणत्या वर्तुळातून कुठे जायचं त्याचे बाण, आणि त्या पायरीत कोणते सिग्नल चालू ते आत लिहिलेलं. तिने दहा वर्तुळांची ही आकृती एका बैठकीत काढली होती, खाडाखोड न करता. मला तिचा हेवा वाटला होता. खरं सांगते, रागच आला होता.

सरांनी दिलेला प्रोग्रॅम चालवला की बरोबर शंभर इन्स्ट्रक्शन होत. पंचवीस लोड, दहा स्टोअर, पंचेचाळीस बेरीज-वजाबाकीवाल्या, पंधरा ब्रँच, पाच जंप. तिने गुणून मांडलं होतं: एकशे पंचवीस, चाळीस, एकशे ऐंशी, पंचेचाळीस, पंधरा. मिळून चारशे पाच. म्हणजे सरासरी एका इन्स्ट्रक्शनला चार पूर्णांक शून्य पाच सायकल, यालाच सीपीआय म्हणतात. आकृती आणि हे गणित तिच्या नावावर, बोर्डावरचं मशीन माझ्या नावावर. अहवालाच्या पहिल्या पानावर तशी वाटणी लिहून दोघींनी सह्या केल्या होत्या.

तुझंच गणित चुकलंय, असं मी तिच्यावर खेकसले. तिने परत मोजलंही नाही. बोर्डाकडे बघत म्हणाली, "दहा जास्त. स्टोअर पण दहाच की गं. तुझी स्टोअर एक पायरी जास्त चालतेय, नोड, बघ."

मी कोड उघडला आणि गारच पडले. स्टोअरची वाट लिहिताना मी आळसाने लोडची वाट उचलली होती. वाचण्याच्या जागी लिहिणं घातलं, शेवटच्या पायरीतला रजिस्टरचा सिग्नल बंद केला, पण ती पायरी तशीच ठेवली. म्हणून उत्तरं सगळी बरोबर येत होती. स्टोअर फक्त दर वेळी एक सायकल रिकामी उभी राहत होती.

दुरुस्ती दोन ओळींची. पण प्रयोगशाळेतल्या त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर मशीन पुन्हा तयार व्हायला चाळीस मिनिटं लागत, आणि बोर्ड बारा वाजता सरांच्या टेबलावर जमा करायचे होते. नंतर हात लावायचा नाही.

"बिडू, सोड," ती म्हणाली. "तसंच दाखवू. फरक कुठे आला ते सांगू. आपल्याला कळलंय की."

तिचं म्हणणं सरळ होतं आणि मला ते ऐकायचंच नव्हतं. तपासणीच्या कागदावर दोन चौकटी होत्या, काढलेला सीपीआय आणि मोजलेला सीपीआय. दोन्ही जुळले नाहीत तर मी गेले, एवढंच मला दिसत होतं. मशीन बदलता येत नव्हतं, कागद येत होता. मी म्हणाले, स्टोअरला पाचवं वर्तुळ काढ.

"त्यात लिहू काय? एक पण सिग्नल चालू नाही."

"काही लिहू नको. कोण बघतंय?"

"अय्यो, तेच बघतील गं."

मग मी रडले. नाटक नव्हतं, पण रडण्याचा उपयोग होतोय हे मला कळत होतं. दोन राहिलेल्या विषयांचं तिला पहिल्यांदाच सांगितलं. तुझं काय, तू कशीही सुटशील, असंही म्हणाले. मग तिने पेन उचललं. अकरावं वर्तुळ काढताना तिचा हात इतका सावकाश चालला होता की मला तो धरून ओढावासा वाटला. चाळीसचे पन्नास झाले, चारशे पाचचे चारशे पंधरा. चार पूर्णांक पंधरा. दोन्ही चौकटी जुळल्या.

साहेब मृदू बोलणारे होते. आधी बोर्ड बघितला, कागद बघितला, मला म्हणाले, "जुळतंय." मग आकृतीवर बोट ठेवून तिला इंग्रजीत विचारलं, या वर्तुळात काय होतं?

"काही नाही, सर."

"मग ते कशासाठी आहे?"

तिने नजर त्या वर्तुळावरच ठेवली. माझ्याकडे बघितलंही नाही. साहेबांनी मग मला विचारलं, "तुमच्या मशीनमध्येही ही पायरी आहे?"

हीच ती वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "हो सर. मी तिच्या आकृतीवरून बनवलं."

त्यांनी तिला पुन्हा विचारलं, स्टोअर रजिस्टरमध्ये काही लिहिते का? ती म्हणाली, नाही सर, चूक झाली. त्यांनी तिच्या नावापुढे काहीतरी लिहिलं आणि तिला बसायला सांगितलं.

मी पास झाले, तीही काठावर झाली. कंपनीने दुसऱ्याच कोणाला तरी घेतलं. निकालाची यादी लागली त्या दिवशी सरांनी आम्हा दोघींना बोलावलं. तिला म्हणाले, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. स्टोअरला पाच सायकल?" ती म्हणाली, "हो सर." मग ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, चुकीच्या आकृतीवरून का होईना, तू तुझं काम चोख केलंस.

मी म्हणाले, "थँक्यू सर."