वाफेचा डबा

सकाळी आठच्या एस.टी.नं मी आंजीहून वर्धेच्या कचेरीत जायचो आणि दोनला डबा उघडायचो. नुसत्या पोळी-बटाट्यानं दुपारी झोप येते म्हणून बायको रोज बेसन नाहीतर कडधान्य द्यायची, तेही परातीत पसरून, पार गार करून.

"भाजीले हवा घालून राह्यली का?" मी चिडवायचो.

"मंग उद्या तुमीच भरा."

मी ऐटीत मटकीची रसदार उसळ वाफाळतीच भरली आणि झाकण गच्च दाबलं. मे महिना होता. दोनला उघडली तर उसळीवर फेस! पिशवीच्या तळाशी मात्र दुसरा डबा निघाला. त्यात कोरडा झुणका, पोळ्या, दाण्याची चटणी आणि अख्खी काकडी होती.

घरी आल्यावर म्हटलं, "उसळ झकास झालती."

"हो का? मंग खालचा डब्बा रिकामा काऊन?"