टाकीभोवतीची ओली पोती

औंढ्यात माझं मोटर दुरुस्तीचं दुकान होतं तेव्हाची गोष्ट. तिथल्या मुलींच्या वसतिगृहाच्या प्लास्टिकच्या टाकीतलं पाणी संपत आलं की कळावं म्हणून मी बाहेरून, तळापाशी, तांब्याच्या दोन पट्ट्या चिकटवल्या होत्या. आमच्याकडच्या पाण्यात सळ्या आत सोडल्या की त्यांवर क्षार चढतो, म्हणून बाहेरून. भिंतीपलीकडे पाणी असलं की पट्ट्यांमधली विद्युत धारकता, म्हणजे वीज साठवायची क्षमता, वाढते आणि हिरवा दिवा लागतो. पाणी खाली गेलं की दिवा विझतो आणि मोटर आपोआप सुरू होते.

भर उन्हाळ्यात निरोप आला की टाकी कोरडी पडली आहे. गेलो तर पोरी बादल्या घेऊन उभ्या आणि हिरवा दिवा लागलेलाच. स्वयंपाकाच्या मावशींवर मी खेकसलो, "दिवा दिसत नाही का? पाणी आहे टाकीत."

मावशींनी टाकीवर मूठ आपटली. पोकळ आवाज आला. तेव्हा माझं लक्ष टाकीभोवती गुंडाळलेल्या ओल्या पोत्यांकडे गेलं आणि मी आणखीच भडकलो.

"ही पोती काहून गुंडाळली?"

"मग पोरींनी ऊन पाणी प्यावं व्हय? दरसाल गुंडाळतो आमी. तुमी नको म्हणले असते तर न्हाई गुंडाळली असती."

मी पोती ओढून फेकली, पट्ट्या पुसल्या. दिवा विझला, मोटर सुरू झाली.

पाणी भिंतीच्या आत आहे की बाहेर, हे त्या पट्ट्यांना कळत नाही. मला ते पट्ट्या लावतानाच ठाऊक होतं. पण तेव्हा सगळे कौतुक करत होते, म्हणून मी गप्प बसलो. तोंड उघडलं ते मावशींवर ओरडायला.