मेन स्विच खाली केल्यावरही

क्रांती चौकाजवळच्या एका संगणक केंद्राची मी व्यवस्थापक आहे. रोज संध्याकाळी प्रत्येक संगणकाच्या डब्यावरचं बटण दाबून तो बंद करायचा, सगळे पडदे काळे झाले की मेन स्विच खाली करायचा, हा नियम मीच घातलेला. संगणक बंद करायचं काम मदतनीस मुलीचं, मेन स्विच माझा. ती दौलताबादहून यायची, बॅचच्या मुलांचा सरावही घ्यायची. तिच्या पगारावर घरातल्या दोघांची औषधं चालतात, हे मला माहीत होतं.

आमच्याकडे ऑनलाइन परीक्षा व्हायच्या होत्या. त्याआधी परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे तपासनीस आले. मुलांची बॅच चालू होती, केंद्राचे मालकही हजर. तपासनीसांनी पहिल्याच संगणकावर अपडेटचं पान उघडलं. 'रीस्टार्ट आवश्यक' अशी सूचना. दुसऱ्यावर तीच, तिसऱ्यावरही. मग त्यांनी टास्क मॅनेजर उघडला आणि एका आकड्यावर बोट ठेवलं.

"अपटाइम बघा. हा संगणक तीन आठवड्यांपासून सुरूच आहे म्हणतोय."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मदतनिसाकडे वळले आणि भरल्या खोलीत म्हणाले, "तू रोज बंद करतेस ना? का नुसता मॉनिटर बंद करून बस गाठतेस?"

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं.

"बंदच करते, मॅडम," ती म्हणाली. "आन् वरून मेन तर तुम्हीच खाली करता. त्याच्यावर मशीन चालू ऱ्हातंय व्हय?"

हे मला तिथेच सुचायला हवं होतं. सुचलं नाही. उलट मी म्हणाले, "उलट बोलू नकोस."

मालक शांतपणे म्हणाले, "उद्यापासून दुसरी मुलगी बघा."

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. आणि मी मान हलवली. होकारार्थी.

तपासनीस अजून त्या संगणकापाशीच बसले होते. "एक मिनिट," ते म्हणाले. "या ताई खरं बोलतायत. ही मशीन्स रोज बंद होतात. पण यांच्यात फास्ट स्टार्टअप चालू आहे."

"म्हणजे?" मालकांनी विचारलं.

"हायबरनेट केलं की उघड्या प्रोग्रामांसकट सगळं डिस्कवर लिहून ठेवलं जातं. फास्ट स्टार्टअप असला की साध्या शट डाऊनमध्येही त्यातलं अर्धं होतं. प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो. सकाळी तोच उचलून पुन्हा मेमरीत. म्हणून मशीन झटकन सुरू होतं, पण गाभा कालचाच. जे अपडेट गाभा नव्याने सुरू होण्याची वाट बघतात, ते तसेच अडकून राहतात."

"पण मी मेन बंद करते," मी म्हणाले. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला.

"वीज गेली म्हणून डिस्कवरचं पुसलं जातं का, मॅडम? अपडेट आलं, ड्रायव्हर बदलला, मशीन विचित्र वागायला लागलं, की रीस्टार्टच करायचं. रीस्टार्टमध्ये जुनं काही परत उचललं जात नाही. अगदी बंदच करायचं असेल तर शिफ्ट दाबून शट डाऊन."

त्यांनी 'अपडेट अँड रीस्टार्ट' निवडलं. निळ्या पडद्यावर टक्के चढू लागले. मग संगणक पुन्हा उघडला. सूचना गेलेली होती, अपटाइम नुकता मोजायला लागला होता.

"सगळे असे करा. दुपारपर्यंत झाले तर माझी हरकत नाही," म्हणत ते मालकांबरोबर चहाला निघाले. दारात मी मालकांना थांबवलं. "सर, पद्धत माझीच होती. तिला काढू नका."

"बरं, राहू द्या," ते म्हणाले. त्यांच्या लेखी विषय संपला.

मी आत आले. ती न सांगता कामाला लागली होती, एकेक संगणक रीस्टार्ट करत. मी जवळ जाऊन हळूच म्हणाले, "तुझं काम राहिलंय. सरांशी बोलले मी. माझं चुकलं."

तिने पडद्यावरची नजर काढली नाही. "मला कानात सांगून काय उपयोग? कामचुकार म्हणालात ते सगळ्या पोरांनी ऐकलं. उद्या ह्यांनाच मी शिकवायचं हाय."

बॅच अजून बसलेली होती. मी फळ्यापाशी जाऊन उभी राहिले. रोज त्याच जागेवरून मी सूचना देते, पण त्या दिवशी हात कुठे ठेवावेत कळेना. "मघाशी मी यांना बोलले ते चूक होतं," मी म्हणाले. "त्या रोज नीट बंद करतात. शट डाऊन म्हणजे काय, हे मलाच माहीत नव्हतं."

पुढची दोन-चार मुलं खाली बघत होती.

"मागं ऐकू आलं नाय, मॅडम," ती तिच्या जागेवरून म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने.