पाटाच्या चिखलातला पंजा

माझे शिक्षण मराठी सहावीपाशी थांबले, हे मी कधी लपविलेले नाही. परंतु अर्ज लिहिण्याच्या बाबतीत तालुक्याच्या कचेरीत माझ्या अक्षराला जो मान होता, तो सातवी पास झालेल्या कित्येकांना लाभला नाही, हेही सत्य आहे. महायुद्ध नुकतेच संपले होते. काष्टीच्या आठवडे बाजारात लिंबाखाली माझी बैठक असे: एक चटई, उतरते मेज, दौत, टाक आणि अंगठ्यासाठी शाईची गादी. सही करणारे थोडे, अंगठा उठविणारे फार. त्यामुळे माणसाच्या अंगठ्याकडे पाहण्याची मला सवय जडली होती. शाई जास्त झाली तर ठसा बुजतो. हात थरथरला किंवा घसरला तर ठशाला शेपूट फुटते. अंगठा तोच असतो, उमटण्याची रीत बदलते. हे ज्ञान मला कोणत्याही गुरुजींनी दिले नव्हते.

त्या बाजारी सकाळीच एक धनगर माझ्यापुढे येऊन बसला. त्याची मेंढरे गावच्या पूर्वेला एका शेतात बसविलेली होती. मेंढ्यांनी रात्री शेतात बसावे, लेंडीखत पडावे आणि धनगराला त्याबद्दल धान्य मिळावे, असा आमच्याकडे रिवाज आहे.

"भाऊसाहेब, माझं कुत्रं मारनार हायेत," तो म्हणाला. "पुढल्या बाजारी चावडीवर बैठक हाय. तवर बांधून ठिवलंया. त्याच्यावाचून मेंढरं लांडग्याच्या तोंडी गेली समजा."

बाजूच्या मळ्यात एक विधवा बाई कोंबड्या पाळीत असे. दोन-तीन दिवसांआड तिच्या खुराड्यातून एकेक कोंबडी जाऊ लागली होती, आणि जाण्याचा आरंभ मेंढरे बसली तेव्हापासूनच झाला होता. खुराड्याजवळच्या पाटाच्या चिखलात पंजे उमटले होते, त्यांना नखे होती. पोलीस पाटलांचा निवाडा तयारच होता. मांजराची नखे आत, कुत्र्याची बाहेर. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. गावात एकाकडे परवान्याची बंदूक होती, तिलाही निरोप गेलेला होता.

मी दौत बंद केली आणि जागा पाहण्यास निघालो. अर्ज लिहिणाऱ्याने जागा पाहू नये असा काही नियम नाही. जे पाहिले नाही ते मी ठामपणे लिहीत नाही, ही माझी शिस्त होती.

पाटील मळ्यातच होते. माणूस रागीट, पण कामाला पक्का. चोराचा माग जपावा तशा त्यांनी ठशांवर टोपल्या उपड्या घालून ठेवल्या होत्या. मात्र बाई ऐकेना.

"उद्या सकाळी माझी मोट चालनार, मामा," ती पाटलांना म्हणाली. "कुत्र्याच्या पायासाठी माझी मेथी वाळवू का?"

"वाळवू नगंस. पन बैठकीत मला काय दावायचं?"

"नखं दिसली न्हवं तुमाला? मग बस झालं."

मी टोपल्या एकेक उचलून पाहिले. त्या चिखलात एक नव्हे, चार जातींचे पाय होते, आणि गावाने ते सारे एकाच कुत्र्याच्या नावावर मांडले होते. दुसऱ्या दिवशी पाणी आले की सगळे वाहून जाणार. तेव्हा मी मनाशी ठरविले की हा चिखल चावडीवर न्यावयाचा, आणि तो कागदावर न्यावयाचा.

दर बाजारी दौंडहून गाडीने एक फोटोग्राफर येत असे. पडदा टांगून तो नवरानवरीचे आणि पलटणीतून परतलेल्या जवानांचे फोटो काढी. फोटोच्या काचा त्या दिवसांत मोठ्या मुश्किलीने मिळत. मी त्याच्यापुढे माझा प्रस्ताव ठेवला.

"चिखलाचा फोटो?" तो म्हणाला. "भाऊसाहेब, चिखल हसत नाही, मान सरळ करीत नाही. याचं गिऱ्हाईक कोण?"

"मी."

"मग तुम्हीच बसा की चिखलात. फोटो तरी ओळखीचा येईल."

शेवटी तो कबूल झाला, पण दुपारीच उरकू पाहत होता. मी नकार दिला. डोक्यावरच्या उन्हात ठशाला सावली नसते. शाईवाचून अंगठा उठवावा तसा तो दिसेना. उतरत्या उन्हापर्यंत मी त्याला थांबवून धरले, त्याची पाच वाजताची गाडी चुकवली आणि रात्री माझ्या घरी जेवावयास घालण्याचे कबूल केले. ऊन तिरके झाले, तशा खळग्यांच्या कडा उभ्या राहिल्या. प्रत्येक ठशाशेजारी मी एक ढब्बू पैसा ठेवला, म्हणजे मापाबद्दल कोणाला तक्रार उरू नये. धनगराकडून त्याचे कुत्रे आणविले आणि त्याच चिखलातून चालविले. त्या पंजाचाही फोटो घेतला. पाटील सारा वेळ कमरेवर हात ठेवून उभे होते. दुसऱ्या दिवशी मोट चालली आणि चिखल गेला.

दौंडहून फोटो हाती आले ते बैठकीच्या आदल्या दिवशी. भिंग घेऊन मी दिवसभर त्यांच्यापुढे बसलो. मुंगसाने अडचण दिली नाही: इवलासा पाय, पाच बोटे, नखांचे टोचे बोटांपासून सुटे. कुत्र्याचा पंजा पसरट, बाहेरची बोटे फाकलेली, नखे बोथट, आणि मागच्या गादीची पुढली कड एकाच उंचवट्याची. त्याच्यासारखाच पण लांबट आणि आवळलेला जो होता, तो कोल्ह्याचा. त्याची मधली दोन बोटे एकमेकांना बिलगून, पुढच्या पायाला तर बुडाशी जोडल्यासारखी, आणि दोन्ही नखे जवळजवळ. शिवाय तो पाटाच्या कडेने दोरी धरल्यागत सरळ गेला होता; खुराड्याकडे वळलाच नव्हता.

राहिला चौथा, खुराड्याकडे जाणारा. तो गोल. बोटे कमानीत, त्यांतले एक पुढे सरकलेले. गादी मोठी आणि तिच्या मागच्या कडेला तीन उंचवटे. मांजराचीच जात. परंतु पाटाच्या उतारावर त्याच पायाला नखे होती, आणि पाटलांनी बोट ठेवले होते ते नेमके तेथेच. मी तो फोटो पुन्हा पुन्हा पाहिला. वर सपाटीवर तोच पाय बिननखांचा होता. रात्री कंदील मालविण्यापूर्वी मला माझ्या शाईच्या गादीची आठवण झाली. हात घसरला की ठसा बदलतो. पाय घसरला की मांजर काय करील? ते जमीन पकडील.

एवढ्यावर बैठक ऐकणार नाही, हे मी जाणून होतो. म्हणून सकाळी बाजारातून मूठभर सुकट घेतली आणि चावडीवर गेलो.

चावडीत बंदूकवाला आधीच येऊन बसला होता. बाहेर धनगर कुत्र्याची दोरी मनगटाला गुंडाळून उभा होता. पाटलांनी फोटो हाती घेतला आणि बराच वेळ न्याहाळला.

"ह्यो पाय न्हाई," ते म्हणाले. "ही टेंगळं हायेत. चिखलावर उंच आलेली. भाऊसाहेब, तुमी कुनाच्या डोक्याचा फोटो आनला?"

लोक हसले. पाटलांनी तो उलटा धरला होता. फोटोतला उजेड खालून आल्यासारखा झाला की खळगा फुगवट्यासारखा दिसतो. हे मलाही आदल्या दिवशीच उमगले होते. मी उठून त्यांच्या हातात तो फिरविला. टेंगळे आत गेली. नंतरचा प्रत्येक फोटो पाटलांनी माझ्याकडूनच, मी धरला तसाच घेतला.

मी कुत्र्याचा पंजा आणि खुराड्याकडचा पंजा शेजारी मांडले. गादीची कड दाखविली, गोलाई दाखविली.

"आन ही नखं?" बंदूकवाल्याने विचारले.

"त्यासाठी बाईंचे मांजर लागेल."

"माझं मांजर?" बाई उसळली. "म्हंजी माझ्याच मांजरीनं माझ्या कोंबड्या खाल्ल्या, व्हय?"

"तसे मी म्हणत नाही. घटकाभर द्या."

मांजर आले. चावडीमागे काळ्या मातीचा उतार होता. त्यावर दोन घागरी ओतविल्या, वर सुकट ठेवली. मांजराने पाणी पाहून पाठ फिरविली. पुन्हा ठेवले, पुन्हा फिरविली. मागून कोणी म्हणाले, "सरकारी काम हाय म्हनावं तिला." मी हलणार नव्हतो. तिसऱ्या वेळी सुकटीच्या वासाने ते चढू लागले, मध्यावर मागे घसरले, आणि चारही पायांनी माती धरून वर गेले.

पाटील स्वतः वाकले. उताराच्या खाली, सपाटीवर, नखे नव्हती. घसरल्या जागी प्रत्येक बोटापुढे सुईने चिरल्यासारखी बारीक खूण होती. त्यांनी खुराड्याकडच्या पंजाचा फोटो तिच्याशेजारी धरला. मग कुत्र्याचा धरला; तेथे नखे जाड आणि बोथट.

"बारीक हायेत," ते म्हणाले. "ह्या फोटोतली बी बारीक हायेत." मग माझ्याकडे वळले. "पन मग हीच मांजर की."

"पैसा बघा," मी म्हणालो आणि चिखलातल्या ठशाशेजारी ढब्बू पैसा ठेवला. बाईच्या मांजराचा पाय पैशाएवढा भरला. फोटोतला पाय पैशाच्या दीडपट होता. "मांजराचीच जात, पण घरची नव्हे. बाऊल आहे. ओढ्याकाठच्या झाडीतले रानमांजर."

सारे चावडीत परतल्यावर बाईने फोटो घेतला, त्यातल्या पैशावर बोट ठेवले, मग ठशावर ठेवले. तिच्या कोंबड्या गेल्या होत्या. तिला कोणी तरी हवे होते, आणि ते बाहेर दोरीला बांधलेले होते.

"बाऊलच आसंल," ती शेवटी म्हणाली. "वढ्याकडनं रातचं आवाज येतोय खरा. पन त्याला कोन धरनार? ह्ये बंदूकवालं दादा रात्रभर बसनार हायेत का?"

बंदूकवाल्याने छतातले वासे पाहण्यास प्रारंभ केला.

"कुत्रं सोडा त्याचं," पाटील म्हणाले.

बाई दाराबाहेरच्या धनगराकडे वळली. "तुझं कुत्रं माझ्या खुराड्यापाशी ठिवशील का?"

"ते एकलं ऱ्हात न्हाई, आक्का. मेंढरं जितं, ततं ते."

"मग मेंढरं आन माझ्या शेतात. धान्य मी देते. पन कोंबडीकडं नुसतं बघितलं तरी पाटलांना सांगीन."

"सांगा की. भाऊसाहेब हायेत. फोटू काढतील."

या वाक्यावर चावडी पुन्हा हसली, आणि मी ते माझ्या व्यवसायाला मिळालेले प्रशस्तिपत्र म्हणून स्वीकारले. मनगटावरची दोरी सोडताना धनगराचे बोट अडकत होते. कुत्रे इतके ओढीत होते की गाठ सुटेना. शेवटी पाटलांनीच वाकून ती सोडविली. सूर्य मावळण्याच्या आत मेंढरे ओढ्याकडच्या बाजूने बाईच्या शेतात उतरली आणि कुत्रे त्यांच्या पुढे होते.