निळ्या थेंबाखालचा गाल

एम.एस्सी. करून नुकतीच नोकरीला लागले होते. महाल भागातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला जीवशास्त्र शिकवायचं होतं. घर धरमपेठेत, त्यामुळे सकाळी सातच्या तासाला स्कूटीवरून धापा टाकत पोचायचे. प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर होती आणि तिचा खरा मालक म्हणजे तिथले परिचर. वय पन्नाशीच्या पुढे, खिशात खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या घोटलेल्या मिश्रणाची, पुडी, बोलणं कमी. सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणू लागले.

माझं पहिलं प्रात्यक्षिक होतं गालाच्या पेशींचं. मुलांना सांगितलं, चूळ भरा, टूथपिकच्या बोथट टोकानं गालाच्या आतली बाजू हलकेच घासा, काचपट्टीवर मिठाच्या पाण्याच्या थेंबात ते पसरा, वर मिथिलीन ब्लूचा एक थेंब टाका, दोन मिनिटं थांबा, आच्छादन काच ठेवा. वापरलेली टूथपिक जंतुनाशकाच्या डब्यात. आधी मी स्वतःचीच काचपट्टी करून दाखवली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि आनंदानं म्हणाले, "बघा, किती सुंदर गोल पेशी!"

मुलं रांगेनं येऊन बघून गेली. प्रत्येकानं वहीत सुरेख गोल काढले. मग काका टेबल पुसायला आले, त्यांनी सहज डोळा लावला आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, ह्या पेशी नाही होय जी. हवा होय."

"म्हणजे?"

"बुडबुडे. पाहा ना, कडा कशी जाड काळी आहे, अन् आत काहीच नाही. पेशीत मधात ठिपका पाहिजे ना!"

मी पुन्हा पाहिलं. बरोबर होतं. एका रांगेत बसलेले हवेचे बुडबुडे, आणि मी त्यांच्याच गोलाईचं कौतुक केलं होतं! गप्प बसता आलं असतं; मुलांच्या वह्या भरल्या होत्या. पण काका शेजारी उभे होते. त्यांच्यासमोर खोटं रेटायला जीभ वळेना.

मी वर्गाला सांगितलं, "मी चुकले. हे बुडबुडे होते. चला, खोडरबर काढा."

वर्गात असा काही हशा उठला की पलीकडच्या वर्गातले सर डोकावून गेले. मग काकांनी मला आणि मुलांना एकदमच शिकवलं. आच्छादन काच आडवी टाकायची नाही. तिची एक कड थेंबाला टेकवायची आणि दुसरी कड सुईच्या आधारानं सावकाश खाली सोडायची, म्हणजे हवा बाहेर निघून जाते. जास्तीचा रंग टिपकागदानं कडेकडून शोषून घ्यायचा. आधी कमी ताकदीच्या भिंगातून शोधायचं, मग मोठं भिंग. आणि प्रकाश जरा कमी ठेवायचा, नाहीतर फिकट निळं सगळं उजेडात विरून जातं.

या वेळी खरंच दिसलं. फिकट निळ्या, वेड्यावाकड्या, चपट्या पेशी; काहींच्या कडा पापडासारख्या दुमडलेल्या, काही एकमेकींवर चढलेल्या. आणि जवळजवळ प्रत्येकीत एक गडद निळा ठिपका, केंद्रक. एक मुलगी ओरडली, "मॅडम, ही मीच आहे ना!" मुलांनी नेत्रिकेवर मोबाइल धरून फोटो काढले. तेवढ्यात घरच्या ग्रुपवर कुणाच्या तरी गालाचा फोटो गेलासुद्धा.

पहिल्या बाकावरची एक हुशार मुलगी मात्र कुरकुरत होती. "मॅडम, यात तंतुकणिका कुठं आहे? पुस्तकातल्या चित्रात आहे ना."

"असतात. पण या सूक्ष्मदर्शकातून, या रंगानं दिसत नाहीत."

"मग काढू का नको?"

"दिसलं तेवढंच काढ. कडा, पेशीद्रव्य, केंद्रक. कांद्याच्या पेशीला असते तशी पेशीभित्तिका इथं नाही, ती काढू नकोस. आणि हे बारीक निळे कण कदाचित तोंडातले जीवाणू आहेत, तिथं प्रश्नचिन्ह दे."

"मार्क कापले तर?"

"तर माझं नाव सांग," मी म्हणाले. तिनं नाइलाजानं खोडलं, पण प्रश्नचिन्ह मात्र मोठं काढलं.

तास संपला, मुलं गेली. मी आवराआवर करत होते. काका दार लोटून आले आणि थोडा वेळ काचपट्ट्या धूत राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, "मॅडम, इतकी वर्षं पोरायच्या पाहिल्या. माही कधी पाहिलीच नाही. करू का?"

"करा ना काका!"

त्यांनी किती तरी वेळ चूळ भरली. पाणी तपकिरी निघत होतं. काचपट्टी त्यांनी माझ्यापेक्षा कितीतरी सफाईनं केली. डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"दिसल्या?"

"दिसून राहिल्या. पोरायसारख्याच आहेत." मग आवाज उतरला. "मॅडम, ह्याच्यात तो रोग दिसते का? तिखट खाल्लं की गाल जळते. तोंडही पहिल्यासारखं उघडत नाही. म्हणून विचारलं."

मी पाहिलं. पेशी नेहमीसारख्याच होत्या. "सगळं ठीक आहे" हे शब्द ओठांवर आले होते, कारण त्यांना तेच ऐकायचं होतं. पण सकाळीच एकदा जे दिसत नव्हतं ते दिसलं म्हटलं होतं.

"काका, या काचपट्टीवरून ते सांगता येत नाही. चांगलं आहे हेही नाही आणि वाईट आहे हेही नाही. डॉक्टर तोंड नीट तपासतात, लागलं तर आतला छोटा तुकडा काढतात, वेगळे रंग देतात, ते वाचायला वेगळी नजर लागते. उद्या दातांच्या दवाखान्यात जाऊ."

"भेव लागते जी."

"मी येते."

दुसऱ्या दिवशी सरकारी दंत रुग्णालयात रांगेत बसलो. तरुण डॉक्टरीणबाईंनी दिवा धरून बराच वेळ बघितलं, गाल बोटानं चाचपला, तोंड किती उघडतं ते त्यांचीच बोटं उभी घालायला लावून मोजलं; दोनच मावली. "कॅन्सरसारखं काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पण गाल आतून ताठरायला लागलाय. सुरुवात आहे. आलेला ताठरपणा पूर्ण जाईलच असं नाही, पण खर्रा आजच बंद केलात तर पुढचं थांबवता येईल. व्यायाम सांगते. आणि दर तीन महिन्यांनी मला तोंड दाखवायचं."

बाहेर आल्यावर काकांनी पुडी काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि तिथूनच घरी बायकोला फोन लावला. "काही नाही वं, चांगलं आहे. रडून काहून राहिली? सोडून राहिलो ना आता!" पलीकडून आलेला आवाज मलाही ऐकू आला: "मी किती वर्षांपासून सांगून राहिली तुले!" तिचं बोलणं संपेपर्यंत काका फोन कानापासून लांब धरून हसत उभे राहिले.

सोडणं सोपं गेलं नाही. दोनदा पुन्हा सुरू झालं, दोनदा त्यांनी स्वतःच येऊन कबूल केलं. तिसऱ्यांदा मात्र सुटलं ते सुटलंच. वर्षअखेरीस तपासणीहून परतले ते थेट प्रयोगशाळेत आले, माझ्यासमोर उभे राहून आ वासला आणि तोंडात तीन बोटं आडवी नाही, उभी घालून दाखवली. बोलता येत नव्हतं, पण डोळे नुसते हसत होते. मी टाळ्या वाजवल्या, आणि मागच्या बाकावर वह्या पुऱ्या करत बसलेल्या पोरींनी काही न कळताच माझ्याहून जोरात वाजवल्या.