रुजू झाल्याची पोस्ट

"मॅडम, ही शाळा हाय. गोठा न्हाई."

संस्थेचे सचिव हे प्रार्थनेच्या मैदानावर बोलले. दहावीच्या रांगेसमोर. मी खाली पाहिलं. नव्या कुर्त्यावर छातीशी दुधाचा ओला डाग पसरला होता.

माझं धाकटं दहा महिन्यांचं. पहाटे त्याला पाजूनच निघाले होते. पण मैदानाच्या कडेला बालवाडीतलं एक लेकरू आईला सोडेना, रडायला लागलं, आणि मला पान्हा फुटला. लेकरू कुणाचं, हे पान्ह्याला कुठं कळतं?

मागची पोरं खिदळली. दोन शिक्षक हसले. आणि मीही हसले.

आजही हे आठवलं की कानशिलं तापतात. ते बोलले त्याचा राग येतो. मी हसले त्याची लाज वाटते. राग उतरतो, लाज उतरत नाही.

त्याच सकाळी शाळेच्या फाटकापाशी फोटो काढून मी मोबाईलवर पोस्ट टाकली होती. "चार वर्षांनंतर पुन्हा फळ्यासमोर. दोन लेकरांची आई आणि गणिताची बाई, दोन्ही एकदम. विसरले काहीच नाही. सर्वांचे आभार!" टाकताना छाती अभिमानाने फुगली होती. मग बाथरूममध्ये नळाखाली ओढणीचं टोक भिजवून कुर्ता पुसत होते आणि मोबाईल सारखा वाजत होता. वर्गमैत्रिणीने लिहिलं होतं, "वाघीण परतली." वाघीण आतून कडी लावून रडत होती.

मानवतची ही खाजगी शाळा. इथे मी सहा वर्षं नववी-दहावीला गणित शिकवलं. थोरलीच्या वेळी सातव्या महिन्यात रजा मागायला ऑफिसात गेले. सचिव म्हणाले, "पगारी रजा आपल्यात न्हाई. राजीनामा द्या. बाळंतपण उरका, मग घेऊ सामावून." त्यांनी मजकूर सांगितला, मी लिहून घेतला. वैयक्तिक कारणास्तव. पहिल्या दोन बाळंतपणांना सहा महिन्यांची पगारी रजा मिळते, ती नाकारून बाईला घरी बसवता येत नाही, हे मी ऐकलं नव्हतं असं नाही. पण ते सरकारी नोकरीतल्या बायकांचं, आपल्यासारख्यांचं नव्हे, असं वाटायचं. बौद्धवाड्यातून बीएड होऊन आलेली मी पहिली. मिळालंय ते जाऊ नये एवढीच भीती.

थोरलीपाठोपाठ धाकटा झाला. चार वर्षं गेली. परत आले तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. नवी नेमणूक, नव्या माणसाचा पगार, जुनी सहा वर्षं पाण्यात. आणि वर्ग कोणता, ते त्या दिवशी प्रार्थनेनंतर कळलं. बालवाडी.

"चार वर्ष घरी लेकरंच सांभाळलीत ना? मग हितं बी तेच करा," सचिव म्हणाले.

"चालेल सर," मी म्हणाले. चालेल! जिभेला हाड नसतं म्हणतात. त्या दिवशी माझ्या पाठीलाही नव्हतं.

मधल्या सुट्टीत त्यांनी बोलावलं. हातात बुके. शिपायाने फोटो काढला. डाग दिसू नये म्हणून मी ओढणी पुढे ओढली आणि वर हसले.

"सकाळची पोस्ट चांगली हाय," ते म्हणाले, "पण संस्थेचं नाव कुटं हाय तिच्यात? प्रवेश चालू हायत. मी सांगतो, लिहा."

ते उभे राहून सांगत गेले आणि मी वाकून टाइप करत गेले. श्रुतलेखनाच्या तासाला बसलेल्या पोरीसारखी. "मातृत्वाचा सन्मान करणाऱ्या आमच्या संस्थेने मला पुन्हा सामावून घेतले. सचिव साहेबांची मी शतशः ऋणी आहे." शेवटी जोडलेल्या हातांची तीन चित्रं टाकली. ती कुणी सांगितली नव्हती. ती माझी.

रात्री नवरा कौतुकाने सासूबाईंना पोस्ट दाखवत होता. सासूबाईंना वाचता येत नाही, पण चित्र कळतं.

"हे हात कुणापुढं जोडलेत?"

"आभाराचे आहेत, आई," मी म्हणाले.

त्या बाळाला थोपटत होत्या. थोपटायचं थांबल्या. "माझा सासरा वालूरला पाटलाच्या दारात वाकून, हात जोडून जोहार घालायचा. ज्या दिशी त्यो सोडला, त्या दिशी गावानं दळण बंद केलं. उपाशी निजला, पर पुन्यांदा हात जोडले न्हाईत. अन तू मोबाईलवर जोडायलीस?"

मला झोंबलं. "तुम्हाला नोकरीतलं काय कळतं," असं मी त्यांना बोलले. ज्या बाईच्या भरवशावर मी घराबाहेर पडत होते, तिलाच. त्या बाळ पुन्हा थोपटायला लागल्या.

दोन दिवसांनी हिंदीच्या बाईंनी मला जिन्यात गाठलं. नवी पोरगी, सहावा महिना. डोळे सुजलेले.

"ताई, मी पगारी रजेचा अर्ज दिला तर सचिवांनी तुमची पोस्ट दाखवली मला. म्हणले, ह्या बाईनं राजीनामा देऊन बी बघ किती आनंदानं लिहिलंय. तू बी देऊन टाक, नंतर सामावून घेऊ." मग तिने हळूच विचारलं, "खरंच इतकं चांगलं वागवतेत का, ताई?"

माझ्याच हातांनी लिहिलेलं घेऊन ते तिच्या मुळावर उठले होते. पायाखालची पायरी सरकली. मला गोठा म्हणाले तेव्हा मी हसले, बालवाडी दिली तेव्हा चालेल म्हणाले. ते माझ्यापुरतं होतं. आता माझे जोडलेले हात या पोरीची मान खाली दाबत होते.

"न्हाई," मी म्हणाले. "अर्ज मागं घेऊ नको. राजीनामा तर लिहूच नको."

त्या संध्याकाळी ती पोस्ट काढली. नवी लिहिली. या वेळी कुणी सांगत नव्हतं.

"मी कामावर परतले आहे. दहावीचं गणित मला आजही येतं, तरी मला बालवाडी दिली आहे. चार वर्षांपूर्वी मी राजीनामा दिला नव्हता, तो माझ्याकडून लिहून घेतला होता. दुधाचा डाग पडला म्हणून मला भर मैदानात गोठा म्हटलं गेलं. तेव्हा मी हसले, याची मला लाज वाटते. आभार माझ्या सासूबाईंचे. त्या लेकरं सांभाळतात म्हणून मी उभी आहे. आभार त्यांच्या सासऱ्यांचे, त्यांनी जोहार सोडला म्हणून मी शिकले. संस्थेचे आभार मानण्यासारखं काही सापडलं, तर नक्की कळवीन."

हात जोडले नाहीत. सासूबाईंना वाचून दाखवली आणि त्यांची माफी मागितली. "बरं केलंस," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या बाळाला घेऊन फाटकाशी आल्या. मूल सव्वा वर्षाचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला वेळ मिळतो, तो माझा हक्क आहे. मी बाळाला आत नेलं. बाथरूममध्ये नाही. शिक्षकांच्या खोलीत, खुर्चीवर. सचिव तणतणत आले आणि टेबलावर कोरा कागद आपटला.

"पोस्ट काढा. न्हाईतर राजीनामा लिहा. मी सांगतो."

बाळ पीत होतं. मी उठले नाही.

"सर, आता तुमचं सांगणं मी लिहून घेणार नाही. मला काढायचं असेल तर तुम्ही लिहा. कारणासकट. खाली सही करून."

ते निघून गेले. कागद तिथेच राहिला, कोरा.

त्यांनी अजून काही लिहिलेलं नाही. लिहितीलही. लिहू देत, तो कागद घेऊन दाद मागायला कुठे जायचं ते मी आणि हिंदीच्या बाईंनी विचारून ठेवलं आहे. तोवर मी रोज येणार, बाळाला याच खुर्चीवर पाजणार आणि रोज दहावीचा वर्ग मागणार. राजीनामा माझ्या हातून पुन्हा लिहिला जाणार नाही. आणि आभार कुणाचे मानायचे, ते मी ठरवीन.